रोजच्या नव्वद किलोमीटरसाठी कोणती गाडी?

नमस्कार सर,
माझं वय ३८, उंची पाच फूट चार इंच. राहायला धायरीला, नोकरी चाकण एमआयडीसीत. जाऊन-येऊन रोज जवळपास नव्वद किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा बायकोला घेऊन ताम्हिणीमार्गे महाडजवळ गावी जातो. गेली दहा वर्षं स्प्लेंडर आहे. गाडीबद्दल तक्रार नाही, पण अलीकडे कंबर आखडते. डॉक्टर म्हणाले मणका ठीक आहे, स्नायूंचं दुखणं आहे. आता जरा मोठी गाडी घ्यावी म्हणतो. मला पहिल्यापासून क्रूझर आवडते आणि ती आरामाची असते असं सगळेच सांगतात. मेहुणा म्हणतो ॲडव्हेंचर घे, खड्डे कळणार नाहीत. कंपनीतली पोरं स्पोर्टबाइकच्या नादाला लावतायत. नेकेड म्हणजे काय आणि ती कम्युटरपेक्षा वेगळी कशी, हेही मला नीट कळलेलं नाही. दोन-सव्वादोन लाखांत काय घेऊ?
— एक वाचक, धायरी, पुणे

नमस्कार,

थेट सांगतो. तुम्ही नेकेड घ्या, म्हणजे पुढे कवच नसलेली, १६० सीसीच्या आसपासची, उंच हँडलची आणि एकसंध लांब सीटची. क्रूझरची ओढ मला कळते, पण तुमच्या कमरेला आणि तुमच्या रस्त्याला ती मानवेल असं मला वाटत नाही. नुसतं एवढं लिहून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून कारणं सविस्तर देतो.

गाडीवर आपलं शरीर तीन ठिकाणी टेकतं: सीट, फूटरेस्ट आणि हँडल. क्रूझर, ॲडव्हेंचर, स्पोर्ट, नेकेड आणि कम्युटर हे पाचही प्रकार मुळात वेगळे पडतात ते या तीन जागा एकमेकांपासून किती लांब आणि किती वर-खाली आहेत त्यावरून. इंजिन, टाकीचा आकार, सायलेन्सरचा आवाज हे सगळं नंतरचं. अंगाचं वजन या तीन जागांत कसं वाटलं जातंय तेवढं पाहिलं, की तासाभराने गाडी कुठे दुखवणार याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

या तिघांत लोक सर्वांत कमी बघतात ते फूटरेस्टकडे. स्प्लेंडरवर तुमचे पाय कुठे असतात ते आठवा. पावलं जवळजवळ कमरेच्या खाली, किंचित पुढे, आणि गुडघे साधारण काटकोनात. म्हणून गतिरोधक दिसला की तुम्ही नकळत पायांवर भार घेऊन सीटवरून बोटभर उठता. धक्का आधी टायर घेतो, मग शॉकअप, मग तुमचे गुडघे. मणक्यापर्यंत पोचताना त्यात फारसा जोर उरलेला नसतो. दहा वर्षं तुम्ही हे रोज करताय, त्यामुळे त्याची किंमत जाणवत नाही. ती जाणवते पाय पुढे गेल्यावर.

क्रूझरचं नेमकं इथेच वेगळं असतं. सीट खाली, हँडल आपल्याकडे ओढून घेतलेलं आणि फूटरेस्ट पुढे. बसल्या बसल्या आरामखुर्चीत टेकल्यासारखं वाटतं आणि शोरूममध्ये माणूस तिथेच विरघळतो. पण पाय पुढे गेले की बैठकीची हाडं मागे कलंडतात, कमरेचा नैसर्गिक आतला बाक सपाट होतो आणि पाठीला हलकं पोक येतं. धडाचं जवळपास सगळं वजन माकडहाडाच्या आसपास उतरतं. मग खड्डा आला तर उठून तो पायांवर घ्यायची सोय राहत नाही, कारण पावलं कमरेच्या खाली नाहीतच. पुढे पसरलेल्या पायांवर उभं राहायचं तर हँडलला धरून स्वतःला वर ओढावं लागतं. चालत्या गाडीवर ते कुणी करत नाही. धक्का सीटमधून सरळ वर येतो. स्नायू आखडणाऱ्या कमरेला हेच नको असतं.

क्रूझर आरामाची असते हे खोटं नाही. ती अमेरिकेतल्या लांब, सरळ, सपाट हायवेंवर घडली आणि तशा रस्त्यावर तिचा आराम खरा आहे. खांदे सैल राहतात, मनगटांवर काही भार नसतो, गाडी खाली आणि लांब असल्यामुळे सरळ रेषेत डुलत नाही. चांगल्या रस्त्यावर ताशी सत्तर-ऐंशीने कोल्हापूरला निघालात तर तिच्यासारखी सोबत नाही. पण मोशी ते चाकण या पट्ट्यात सकाळी नऊ वाजता तुम्ही ज्या चालीने सरकता, ती चाल आणि तो रस्ता क्रूझरसाठी नाही.

त्यात वजन आहे. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची. रॉयल एनफिल्डची मेटिऑर ३५० ही क्रूझर सुमारे १९१ किलोची. हा ऐंशी किलोंचा फरक चालताना फारसा कळत नाही, पण कंपनीच्या पार्किंगमधून गाडी उलटी ढकलून काढताना रोज कळतो, आणि तो जोर कमरेतूनच लागतो. शिवाय स्प्लेंडरच्या दोन चाकांतलं अंतर १२३६ मिलिमीटर आहे, मेटिऑरचं १४००, बजाजच्या ॲव्हेंजर क्रूझचं १४९०. हे अंतर वाढलं की गाडी सरळ रस्त्याला स्थिर होते, पण वळायला जास्त जागा मागते. जिथे तुम्ही आज एका दमात यू-टर्न घेता, तिथे कधीकधी पाय टेकून मागे-पुढे करावं लागेल.

क्रूझरच्या बाजूने तुमच्यासाठी एक मुद्दा मात्र वजनदार आहे. मेटिऑरची सीट ७६५ मिलिमीटरवर आणि ॲव्हेंजर क्रूझची ७३७ वर. पाच फूट चार इंचांच्या माणसाचे दोन्ही पाय आरामात टेकतात. गर्दीत हा आधार फार मोठा असतो आणि तुमचा ओढा तिकडे का आहे याचं अर्धं कारण कदाचित हेच असेल.

इथे आणखी एक सांगायला हवं. आपल्याकडे बुलेट आणि क्लासिकलाही सर्रास क्रूझर म्हणतात. त्यांच्यावर एकदा बसून पायांकडे बघा. फूटरेस्ट मधोमध, पाठ ताठ, हँडल हाताशी. ती बैठक जुन्या पद्धतीच्या सरळ रोडस्टरची आहे, क्रूझरची नव्हे. तुमचं मन मूळ क्रूझरच्या बैठकीवर आहे की त्या जुन्या रुबाबावर, हे स्वतःला विचारा. रुबाबच हवा असेल तर तो पाय पुढे न टाकताही मिळतो. फक्त क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोंची आहे, म्हणजे पार्किंगमधली ढकलाढकली तिथेही आलीच.

आता कंपनीतल्या पोरांकडे वळू. स्पोर्ट आणि नेकेड यांतला फरक समजून घ्यायला यामाहाची आर१५ आणि एमटी-१५ ही जोडी उत्तम. दोन्हींत तेच १५५ सीसीचं इंजिन, सांगाडा एकाच घराण्यातला, वजन जवळपास सारखं, सीटच्या उंचीत जेमतेम ५ मिलिमीटरचा फरक. तरी एकीवरून उतरून दुसरीवर बसलात तर दोन वेगळ्या जगांत आल्यासारखं वाटतं. आर१५चं हँडल एका दांड्याचं नाही. दोन तुकडे पुढच्या फोर्कला खाली आवळलेले आहेत, म्हणून धड पुढे झुकतं आणि त्याचा बराच भार मनगटांवर येतो. फूटरेस्ट मागे आणि वर असल्यामुळे गुडघे जास्त दुमडतात. मान वर उचलून बघावं लागतं. पुढे सगळं कवच आहे, ज्याला फेअरिंग म्हणतात. एमटी-१५ला ते कवच नाही, एक सलग रुंद हँडल आहे आणि तुम्ही बऱ्यापैकी ताठ बसता. फेअरिंग नाही, इंजिन उघडं दिसतं, म्हणून नेकेड.

स्पोर्टची बैठक चुकीची नाही. ती एका विशिष्ट वेगासाठी केलेली आहे. वेग दुप्पट झाला की छातीवरचा वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी शंभरच्या आसपास तो दाब पुढे झुकलेलं धड थोडं उचलून धरतो आणि मनगटं हलकी होतात. ताशी तीसवर वारा काहीच आधार देत नाही, मग ते सगळं वजन हातांनीच पेलायचं. वाकडला सिग्नलच्या आधी दहा मिनिटं क्लच धरून सरकताना स्पोर्टबाइक मनगटात आणि दोन खांद्यांच्या मधोमध दुखते ती यामुळे. पोटाचे स्नायू मजबूत असतील आणि गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची सवय असेल तर मनगटांचा भार बराच कमी करता येतो. विशीतली मुलं ते न शिकताही निभावून नेतात. रोज अडीच-तीन तास गाडीवर बसणाऱ्या आणि कंबर आधीच कुरकुरणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. हँडल कमी वळतं हाही रोजचा त्रास आहे. अरुंद जागेत पूर्ण वळवायला गेलात तर अंगठा टाकीला जवळजवळ भिडतो.

नेकेडवर तिन्ही जागांचा हिशेब सर्वांत सुटसुटीत बसतो. धड अगदी किंचित पुढे कलतं, त्यामुळे कमरेचा आतला बाक टिकून राहतो. बहुतेक वजन सीटवर, थोडं पायांवर, हातांवर नावापुरतं. पाय कमरेखालीच असल्यामुळे खड्ड्यावर उठता येतं. रुंद हँडलमुळे कमी वेगात गाडी दोन बोटांनी वळते. उणीव एकच आणि ती वाऱ्याची. पुढे कवच नसल्यामुळे ताशी ऐंशी-नव्वदच्या वर वारा छातीवर आदळतो, आपण हँडलला लटकल्यासारखे होतो आणि दोन तासांनी मान भरून येते. तुमच्या रोजच्या रस्त्यावर तो वेग फार वेळ टिकतच नाही.

फक्त नेकेडमध्येही दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. एमटी-१५ किंवा ड्यूक यांच्या फूटरेस्ट थोड्या मागे असतात, सीट दोन भागांची असते आणि मागची सीट लहान व उंच. एकट्याने चालवायला त्या छान. दुसरी जात साध्या वळणाची: अपाचे आरटीआर १६० ४व्ही, होंडा युनिकॉर्न अशा गाड्या. युनिकॉर्न कंपनी कम्युटर म्हणूनच विकते, आणि बैठकीच्या हिशेबात ते नाव योग्यच आहे. तुम्ही विचारलंत ना, नेकेड आणि कम्युटरमध्ये फरक काय? बैठकीत फार थोडा. नेकेडवर फूटरेस्ट इंचभर मागे आणि हँडल जरा खाली, एवढंच. खरा फरक टायर, ब्रेक, फोर्क आणि इंजिनात आहे.

तो फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. स्प्लेंडर बैठकीने तुमच्या कमरेची शत्रू नाही. पाचही प्रकारांत रोजच्या उपयोगाला साध्या कम्युटरइतकी सोपी गाडी दुसरी नाही: हलकी, अरुंद, लांब सीटची, पेट्रोल कमी पिणारी. पण ९७ सीसीची ती गाडी घेऊन तुम्ही बायपासवर आणि नाशिक हायवेवर कंटेनर आणि गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरच्या शेजारून रोज जाताय. ट्रेलर बाजूने गेला की वाऱ्याचा झोत हलक्या गाडीला आणि बारीक टायरला ढकलतो आणि तुम्ही खांदे आवळून हँडल घट्ट धरता. तासभर आवळलेले खांदे आणि पाठ घरी आल्यावर कमरेत बोलतात. ओव्हरटेक करायला ताकद कमी, म्हणून ट्रेलरच्या शेजारी जास्त वेळ राहावं लागतं. आणि ब्रेक आहेत. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. पावसाळ्यात बायपासच्या उतारावर पुढची गाडी अचानक थांबली, तर चाक लॉक न होणं म्हणजे काय ते तेव्हा कळतं. मोठी गाडी घेण्याचं माझ्या मते तुमच्यासाठी हेच सर्वांत खरं कारण आहे.

मेहुण्यांच्या म्हणण्यातही बरंच तथ्य आहे. चालत्या गाडीवर कमरेला सर्वांत चांगली बैठक ॲडव्हेंचरची. पाठ ताठ, फूटरेस्ट खाली असल्याने गुडघे मोकळे, हँडल रुंद आणि उंच, हवं तेव्हा सरळ उभं राहता येतं. हीरोच्या एक्सपल्स २०० या ॲडव्हेंचरचं पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटरपर्यंत दबतं, मेटिऑरचं १३०. हा फरक ताम्हिणीत उखडलेल्या रस्त्यावर लगेच कळेल. अडचण गाडी थांबली की सुरू होते. त्याच एक्सपल्सची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. स्प्लेंडरच्या ७८५पेक्षा चार सेंटिमीटर जास्त. आकडा लहान वाटतो, पण पाच फूट चार इंचांच्या माणसाला तो टाच टेकण्यापासून चवड्यावर उभं राहण्यापर्यंत घेऊन जातो.

घरी एक माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तुमच्या उंचीला हे माप ७४-७६ सेंटिमीटरच्या आसपास येईल. बुटाचे दोन-तीन सेंटिमीटर त्यात मिळवा. आपल्या वजनाने शॉकअप थोडं दबतं, तेवढी सीटही खाली येते. पण सीट जेवढी रुंद तेवढे पाय फाकून खाली जातात आणि माप वाया जातं. त्यामुळे माहितीपत्रकातल्या उंचीवर विसंबू नका. ७९०ची अरुंद सीट ७७०च्या रुंद सीटपेक्षा जास्त सोयीची ठरू शकते. थांबल्यावर दोन्ही चवडे पूर्ण आणि एका बाजूला सरकल्यावर एक पाय टाचेसकट टेकला, तर पुरे. त्यापेक्षा कमी असेल तर सपाट रस्त्यावर चालून जातं, पण रस्त्याची कड उतरती असली आणि नेमका त्या बाजूचा पाय टाकला की जमीन सापडत नाही. उभ्या गाड्या पडतात त्या अशा, आणि त्या वेळी मागे कुणी बसलेलं असेल तर सावरणं शक्य नसतं. गाडी खाली करून देतो म्हणणारे मेकॅनिक भेटतील. ते करू नका. मागचं सस्पेन्शन खाली केलं की वळण्याची ढब बदलते आणि साइड स्टँड तुलनेने लांब पडतो, गाडी नीट कलत नाही आणि जरा धक्क्याने पलीकडे पडते. तुमची उंची पाच फूट आठ इंच असती तर मी कदाचित ॲडव्हेंचरच घ्या म्हटलं असतं.

आता वहिनींचं बघू, कारण पत्रात त्यांचा उल्लेख एकाच ओळीत आहे आणि ताम्हिणीचा सगळा प्रवास त्या मागे बसून करतात. त्यांच्यासाठी सीटची उंची, लांबी आणि उतार या तीन गोष्टी बघा. पुढे उतरती, लहान सीट असेल तर घाटाच्या उतारावर प्रत्येक ब्रेकला त्या तुमच्या पाठीवर येतील, तुम्ही दोघांचा भार हातांवर घ्याल आणि माणगाव येईपर्यंत दोघेही बेजार व्हाल. त्या साडी नेसून एका बाजूला बसत असतील तर उंच, दोन भागांची सीट विचारातच घेऊ नका. ॲडव्हेंचरवर चढायलाच त्यांना कसरत होईल. सपाट लांब सीटवर त्यांना मागे-पुढे सरकून बसता येतं, आणि तासाभराने पाच सेंटिमीटर सरकता आलं की अंगाला केवढा विसावा मिळतो ते मागे बसणाऱ्यालाच माहीत. मागे बसणाऱ्याच्या हिशेबात मेटिऑरही चांगली आहे, तिच्या काही मॉडेलना मागे टेकूसुद्धा मिळतो. मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत झाकणारं संरक्षण हे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून काही जण साडीगार्ड काढून टाकतात. तुम्ही ते ठेवा.

सगळं तुमच्या एका दिवसावर मांडून बघतो. धायरीतून निघून नवले पुलापर्यंत गर्दी, तिथून चांदणी चौक, बाणेरपर्यंत बायपास बरा पळतो, वाकडला पुन्हा अडकणं, नाशिक फाटा ते भोसरी थांबत-थांबत, मोशीपासून चाकणपर्यंत ट्रेलरच्या रांगेत. यात पळण्याचा वेळ अर्ध्याहूनही कमी. क्रूझर आणि स्पोर्ट आपलं बळ दाखवतात ते पळताना, आणि दोन्ही त्रास देतात ते सरकताना. ॲडव्हेंचर खड्ड्यांत जिंकते आणि प्रत्येक थांब्याला हरते. कम्युटर सरकताना उत्तम, बायपासवर अपुरी. साध्या वळणाची नेकेड कुठेही पहिली येत नाही, पण तुमच्या रस्त्यात असा एकही टप्पा नाही जिथे ती अंगावर येते. महिन्यातून एकदाच्या ताम्हिणीसाठी रोजचे नव्वद किलोमीटर महाग करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

गाड्यांची नावं घ्यायची तर आधी युनिकॉर्न आणि अपाचे १६० ४व्ही बघा. दोन्हींच्या सीट ८०० मिलिमीटरच्या आसपास, वजन १४०-१४५ किलोंच्या घरात. उंचीला त्या थोड्या काठावर आहेत, म्हणून बसून बघणं आलंच. युनिकॉर्न बैठकीला आणि मागच्या सीटला जास्त आरामाची, अपाचे वळायला आणि ओव्हरटेकला जास्त चपळ. तुमच्या कमरेकडे बघून मी युनिकॉर्नला झुकतं माप देईन. आणि रुबाब सुटतच नसेल तर हंटर ३५० चालवून बघा. सीट ७९०, वजन सुमारे १८१ किलो, चाकांतलं अंतर १३७०, दोन्ही चाकं १७ इंची, म्हणून ती रॉयल एनफिल्डच्याच इतर ३५०पेक्षा गर्दीत सहज वळते. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन कडक होतं. २०२५च्या मॉडेलमध्ये कंपनीने ते बदललं. जुनी घेत असाल तर हे नक्की तपासा.

शोरूमच्या दहा मिनिटांच्या टेस्ट राइडवर निर्णय घेऊ नका. माकडहाड पाऊण तासानंतर बोलायला लागतं. पुण्यात गाड्या भाड्याने मिळतात. ज्या दोनवर मन बसलंय त्या एकेक दिवस घ्या आणि कामाच्या दिवशीच चाकणला जाऊन या. एकदा वहिनींना मागे बसवून धायरी-खडकवासला फेरी मारा. दुखणं नेमकं कुठे येतं ते लिहून ठेवा. माकडहाडात दुखलं तर वजन सीटवर जास्त येतंय किंवा पाय पुढे आहेत. मनगटात किंवा खांद्यांच्या मधोमध दुखलं तर हँडल लांब किंवा खाली आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर फूटरेस्ट तुमच्यासाठी जास्त वर-मागे आहे. मान दुखली तर वारा किंवा झुकणं. यातलं हँडल थोडंफार जुळवता येतं. एका दांड्याचं असेल तर मेकॅनिक क्लँप सैल करून ते किंचित मागे फिरवतो आणि क्लच-ब्रेकच्या लिव्हर बोटांच्या सरळ रेषेत आणतो. फूटरेस्ट मात्र बहुतेक गाड्यांत हलत नाही, म्हणून ती नापसंत असेल तर गाडीच सोडा.

आणि पैसे मोजण्याआधी एक तपासणी स्प्लेंडरची करा. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलसर थर दिसतो का बघा. मग सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, दोन-तीनदा डुलली तर ते संपलंय. इतक्या वापरानंतर तसं असणं अगदी शक्य आहे, आणि मग तुमच्या कमरेचा निम्मा दोष त्या दोन नळ्यांकडे जाईल. ते बदलून आणि डबा-लॅपटॉपची सॅक पाठीवरून काढून मागे सीटला बांधून पंधरा दिवस चालवा. कंबर बरीच सुटली, तर नवी गाडी घाईने घ्यायची गरज उरत नाही. सावकाश निवडता येईल. नाही सुटली, तर वरची यादी आहेच.

नवी गाडी आल्यावर तिच्या मागच्या स्प्रिंगचा ताण बदलायची खाच दाखवून घ्या. बहुतेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये त्यासाठी आकड्याचा पाना असतो. रोज एकटे जाताना स्प्रिंग सैल बाजूला ठेवा, गावी निघायच्या आदल्या रात्री ती एक-दोन खाचा घट्ट करा आणि डबलसीटसाठी चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत दिलेली हवा भरा. तसं केलं नाही तर दोघांच्या वजनाने गाडी मागे बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि ताम्हिणीच्या प्रत्येक खड्ड्याला शॉकअप तळाला आपटतं.